‘पैसे कट झाले’ : या मेसेजच्या उत्तराला गुण कसे द्यायचे?

बँकेच्या चॅटवर मेसेज येतो : ‘पैसे कट झाले’. एवढंच. किती, कधी, कशातून, कुणाला, यातलं काही नाही. समोरच्या एजंटला मिनिटभरात काहीतरी उत्तर द्यावंच लागतं, कारण पहिलं उत्तर किती वेळात गेलं याची नोंद आपोआप होते आणि त्याच्या पडद्यावर त्याच वेळी आणखी दोन-तीन चॅट उघड्या असतात. तो काहीतरी लिहितो. पुढे काही दिवसांनी ते उत्तर तिसऱ्याच माणसासमोर येतं. कॉल सेंटरमध्ये या माणसाला ‘क्यूए’ म्हणतात. त्याचं काम म्हणजे निवडक चॅट वाचायच्या, स्कोअरशीट भरायची आणि उत्तराला गुण द्यायचे. या गुणांवर एजंटचा इन्सेन्टिव्ह ठरतो, कधीकधी नोकरीही. म्हणून एजंट ग्राहकापेक्षा क्यूएला आवडेल असं लिहायला शिकतात. क्यूएची आवड चुकीची असेल, तर सगळं सेंटर चुकीचं लिहायला लागतं.

ग्राहकाने सगळं नीट सांगितलेलं असतं तेव्हा उत्तर तपासणं सोपं असतं. बरोबर की चूक, एवढंच बघायचं. अवघड असतात ते हे मोघम पहिले मेसेज. ते मोघम का असतात, हे आधी समजून घ्यायला हवं, नाहीतर तपासणारा नकळत ग्राहकालाच दोष देऊन बसतो. रॉबर्ट टेलर या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ साली ग्रंथालयांबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं. माणूस काउंटरवर येऊन जे विचारतो ते त्याच्या मनातल्या गरजेचं काटछाट केलेलं रूप असतं. समोरच्याला काय कळेल, त्याच्याकडे काय असेल, याचा अंदाज बांधून तो प्रश्न लहान करतो. बँकेच्या चॅटवरही हेच होतं. घाबरलेल्या माणसाला पैसे गेलेले दिसतात. पैसे यूपीआयने गेले की ऑटो-डेबिटने, यामुळे उत्तर बदलतं हे त्याला माहीतच नसतं. जे माहीत नाही ते तो लिहिणार कुठून?

तेव्हा तपासणाऱ्यासाठी पहिला नियम असा : एजंटचं उत्तर झाकून ठेवायचं आणि फक्त ग्राहकाचा मेसेज वाचायचा. त्या मेसेजमागे काय काय असू शकतं ते कागदावर लिहायचं. ‘पैसे कट झाले’साठी ही यादी सहज होते. यूपीआयने मित्राला पाठवलेले पैसे खात्यातून गेले, पण त्याला पोचले नाहीत. दुकानात स्कॅन करून दिले, दुकानदार म्हणतो आले नाहीत. एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून रक्कम वजा झाली. कर्जाचा हप्ता किंवा एखादं शुल्क आपोआप कापलं गेलं. घाईत भलत्याच नंबरवर पैसे गेले. आणि शेवटचं, ग्राहकाने काही केलंच नाही, दुसऱ्याच कुणीतरी खात्यातून पैसे काढले.

ही यादी हातात असली की उत्तर तपासण्याचा पाया तयार होतो, कारण यातल्या प्रत्येकाची वाट वेगळी आहे. व्यक्तीला पाठवलेले यूपीआयचे पैसे खात्यातून गेले आणि समोर जमा झाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे ते व्यवहाराच्या दिवसानंतर एका दिवसात आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. दुकानदाराला दिलेल्या आणि एटीएमच्या अडकलेल्या पैशांसाठी हीच मुदत पाच दिवसांची. भलत्या नंबरवर गेलेले पैसे मात्र ‘अयशस्वी’ नसतातच, व्यवहार पूर्ण झालेला असतो, त्यामुळे आपोआप काही परत येत नाही. तिथे समोरच्या बँकेमार्फत त्या माणसाची संमती मिळवावी लागते. आणि फसवणूक असेल तर एकेक मिनिट महत्त्वाचं. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवून काढून घेतले जातात. त्याआधी ते अडवायचे तर खातं लगेच बंद करून १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी लागते.

आता नमुन्यादाखल चार उत्तरं पाहू. मेसेज तोच, आणि ग्राहक बँकेच्या ॲपमध्ये लॉग-इन करून बोलतोय असं धरू.

पहिलं उत्तर : ‘नमस्कार! आमच्या बँकेशी संपर्क साधल्याबद्दल मन:पूर्वक धन्यवाद. आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया आपली समस्या सविस्तर सांगावी.’

जुन्या धाटणीच्या स्कोअरशीटवर हे उत्तर दणक्यात पास होतं. अभिवादन आहे, आभार आहेत, दिलगिरी आहे, शुद्धलेखन चोख. प्रत्यक्षात ग्राहक होता तिथेच आहे. त्याला जे सांगता येत होतं ते त्याने सांगितलं होतं. ‘सविस्तर’ म्हणजे नेमकं काय, हे त्याला आताही कळलेलं नाही. तो बहुधा लिहील, ‘अहो पैसे कट झाले म्हणून सांगितलं ना’. तीनपैकी शून्य गुण. सौजन्याला गुण देऊ नयेत असं मी म्हणत नाही, पण ते वेगळ्या रकान्यात द्यावेत. मजकुराच्या रकान्यात सौजन्याची भर घातली की शून्याचे दोन व्हायला वेळ लागत नाही.

दुसरं उत्तर : ‘कृपया खालील माहिती द्या : खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक, नोंदणीकृत मोबाइल, व्यवहाराची तारीख व वेळ, रक्कम, व्यवहार क्रमांक, वापरलेलं ॲप, स्क्रीनशॉट.’

नवे क्यूए हमखास फसतात ते इथे. उत्तर भरीव दिसतं, एजंटने कसून चौकशी केली असं वाटतं. पण लॉग-इन केलेल्या ग्राहकाचा खाते क्रमांक आणि मोबाइल एजंटच्या पडद्यावर आधीच असतो. तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक हेही स्टेटमेंटमध्ये दिसतं. म्हणजे सातपैकी पाच गोष्टी त्याने स्वत: बघायच्या ऐवजी ग्राहकाला शोधायला लावल्या. शिवाय यादीतला एकही प्रश्न खरी फाटाफूट करत नाही. हा व्यवहार ग्राहकाने स्वत: केला होता का, हे सातात कुठेच नाही. एक गुण, तोही सढळ हाताने.

तिसरं उत्तर : ‘काळजी करू नका. यूपीआय व्यवहार अयशस्वी झाल्यास रक्कम एका दिवसात आपोआप खात्यात परत येते. कृपया उद्यापर्यंत वाट पाहावी.’

गुण देणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. उत्तर स्पष्ट आहे, थोडक्यात आहे, धीर देणारं आहे, नियमालाही धरून आहे. आणि समजा, पुढची चॅट वाचली तर कळतं की मामला खरंच अयशस्वी यूपीआयचा होता, दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे परत आले आणि ग्राहकाने ‘धन्यवाद’ लिहून पाच तारे दिले. मग याला पूर्ण गुण का नाहीत?

कारण उत्तर लिहिलं तेव्हा एजंटला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने सहा शक्यतांमधली एक उचलली आणि बाकीच्या पाचांना ‘उद्यापर्यंत वाट पाहा’ सांगितलं. हाच मेसेज फसवल्या गेलेल्या माणसाने पाठवला असता तर त्या एका रात्रीत पैसे हाताबाहेर गेले असते. शेवट कळल्यावर तो आधीच दिसत होता असं वाटणं ही माणसाची सवयच आहे. बारुख फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रयोग करून ती दाखवून दिली. निकाल कळलेल्या लोकांना तो निकाल जास्त संभाव्य वाटतो, आणि आपल्या मतावर त्या माहितीचा परिणाम झालाय हे त्यांना उमगतही नाही. म्हणून दुसरा नियम : पहिल्या उत्तराला गुण देताना पुढची चॅट दिसताच कामा नये. क्यूएला फाइल देतानाच ती तिथे तोडायची. ‘पुढे पाहिलं तरी मी मनावर घेणार नाही’ असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, भले तो कितीही प्रामाणिक असो. तिसऱ्या उत्तराला शून्य.

चौथं उत्तर : ‘आज सकाळी १०.२२ला तुमच्या खात्यातून यूपीआयने १,८५० रुपये गेलेले दिसतात. याबद्दलच विचारताय का, आणि हे पैसे तुम्हीच पाठवले होते का? पाठवले नसतील तर फक्त “नाही” लिहा, मी लगेच खात्यावरचं यूपीआय थांबवतो. ओटीपी किंवा पिन कुणालाही सांगू नका, आम्हालाही नाही.’

तीनपैकी तीन. एजंटने आधी स्वत: बघितलं आणि जे दिसलं ते ग्राहकासमोर ठेवलं. आता ग्राहकाला आठवायचं नाही, ओळखायचं आहे, आणि घाबरलेल्या माणसाला ओळखणं सोपं जातं. जो प्रश्न विचारला तो नेमका धोका वेगळा काढणारा आहे. धोका असेल तर ग्राहकाने काय करायचं ते एका शब्दावर आणून ठेवलंय. ‘हो’ आलं की पुढचा प्रश्न व्यक्ती की दुकान, कारण मुदत त्यावर ठरते. पण तो आत्ता विचारायची गरज नव्हती आणि एजंटने तो विचारला नाही, हेही बरोबरच.

पण हेच उत्तर, शब्दाचाही फरक न करता, दुसऱ्या एका ठिकाणी सरळ ‘फेटल’ ठरतं. फेटल म्हणजे अशी चूक की बाकी कितीही चांगलं असलं तरी सगळी चॅट शून्य. मेसेज बँकेत नोंद नसलेल्या नंबरवरून व्हॉट्सॲपला आला असेल, किंवा समाजमाध्यमावर सगळ्यांना दिसेल असा लिहिला असेल, तर खात्यातली रक्कम आणि वेळ सांगणं म्हणजे ग्राहकाची माहिती परक्याला देणं. तिथे चांगलं उत्तर असं असेल : ‘हे पैसे तुम्ही स्वत: पाठवले होते का? नसतील तर आत्ताच १९३०ला फोन करा आणि आमच्या हेल्पलाइनवर खातं बंद करायला सांगा. तुम्हीच पाठवले असतील तर ॲपमध्ये लॉग-इन करून चॅट सुरू करा, तिथे व्यवहार बघून सांगतो.’ म्हणून तपासणाऱ्याच्या हातात फक्त मेसेज आणि उत्तर देऊन भागत नाही. मेसेज कुठून आला आणि त्या क्षणी एजंटला काय दिसत होतं, हेही द्यावं लागतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की मोघम मेसेजला नेहमी प्रश्नच विचारावा. नाही, आणि ही समजूत सेंटरमध्ये रुजली की दुसरंच दुखणं सुरू होतं. शुक्रवारी कुणी विचारतं, ‘उद्या बँक चालू आहे का?’ शाखा कुठली ते लिहिलेलं नाही. एजंट विनयाने विचारतो, ‘कृपया आपल्या शाखेचं नाव कळवावं.’ उद्या महिन्यातला दुसरा शनिवार असेल तर हा प्रश्न निव्वळ वेळकाढू आहे. १ सप्टेंबर २०१५पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका सगळीकडेच बंद असतात. शाखा कुडाळची असो की कोथरूडची, उत्तर एकच. सगळ्या शक्यतांचं उत्तर एकच असेल तर विचारणं हा दोष, आणि त्याचे गुण कापायचे.

हाच मेसेज १८ डिसेंबरला आला तर मात्र गोष्ट बदलते. १९ डिसेंबर हा गोवा मुक्तिदिन. त्या दिवशी पणजीतल्या शाखा बंद, आणि तो एरवी कामाचा दिवस असेल तर तासाभरावरच्या सावंतवाडीतल्या चालू. आता शाखा विचारणं गरजेचं आहे. तरी त्यातही बरं आणि उत्तम असा फरक करता येतो. ‘शाखा कुठली?’ एवढंच विचारलं तर दोन गुण. ‘गोव्यातली शाखा असेल तर उद्या गोवा मुक्तिदिनाची सुट्टी आहे, महाराष्ट्रातली असेल तर चालू आहे’ असं लिहिलं तर तीन, कारण शक्यता दोनच होत्या आणि दोन्हींची उत्तरं एका ओळीत मावली. ग्राहकाला पुन्हा लिहावंच लागलं नाही.

अंदाज बांधावा की नाही, हे चुकलेल्या अंदाजाची किंमत काय यावर ठरतं. ‘कार्ड चालत नाही’ हा तसाच मोघम मेसेज. एटीएममध्ये चालत नाही, दुकानात, की ऑनलाइन? पण इथे एक अंदाज फार उपयोगाचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमाप्रमाणे नवं कार्ड सुरुवातीला देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवरच चालतं. ऑनलाइन खरेदी, परदेशातले व्यवहार आणि कार्ड टेकवून पैसे देणं हे ग्राहकाने स्वत: सुरू करायचं असतं. कित्येकांना हे माहीत नसतं. तेव्हा ‘कार्ड नवीन आहे आणि ऑनलाइन चालत नाही, असं आहे का? मग ॲपमधल्या कार्डाच्या सेटिंगमध्ये ऑनलाइन वापर सुरू करा. एटीएम किंवा दुकानात अडतंय का? तर काय मेसेज दिसतो ते सांगा’ हे चांगलं उत्तर. अंदाज चुकला तर ग्राहकाची दहा सेकंदं जातील, पैसे जाणार नाहीत. ‘पैसे कट झाले’मध्ये चुकलेला अंदाज खात्यावर बेततो. तपासणाऱ्याने दोन्हीकडे एकच पट्टी लावली तर तो एकात तरी अन्याय करणारच.

मग हे सगळं कागदावर उतरवलं की सगळे क्यूए सारखेच गुण देतात का? छे. म्हणून महिन्यातून एकदा-दोनदा ‘कॅलिब्रेशन’ची बैठक होते. सगळ्यांनी त्याच चॅट आधी एकमेकांना न सांगता तपासायच्या आणि मग आकडे मांडायचे. इथे एक फसवा दिलासा मिळतो. समजा, दोन तपासणाऱ्यांनी ५० उत्तरं ‘पास’ की ‘नापास’ एवढंच तपासलं आणि ४० ठिकाणी दोघांचं जुळलं. ८० टक्के, म्हणजे उत्तमच! पण दोघांनीही आपापली ४० उत्तरं पास केली असतील, तर न वाचता नुसते शिक्के मारले असते तरी दोघांचं सुमारे ६८ टक्के जुळलं असतं : दोघांचं ‘पास’ एकत्र येण्याचे ६४ आणि ‘नापास’ एकत्र येण्याचे ४. म्हणजे योगायोगापलीकडे जुळायला ३२ टक्क्यांची जागा होती आणि त्यातली १२ त्यांनी मिळवली. हे प्रमाण ०.३७५ येतं, निम्म्याहूनही कमी. जेकब कोहेन यांनी १९६० साली सुचवलेला ‘काप्पा’ हाच. टीएलला तो दाखवला की बैठकीतली हवा लगेच बदलते.

या बैठकीत सरासरी काढून वाद मिटवण्याचा मोह होतो. एकाने शून्य दिलं, दुसऱ्याने दोन, चला, एक लिहून टाका. त्यातून काहीच हाती लागत नाही. चौथ्या उत्तराबद्दलच वाद होऊ शकतो : त्यात दोन प्रश्न आहेत, आणि एखाद्या सेंटरच्या नियमात ‘एका वेळी एकच प्रश्न’ असं लिहिलेलं असतं. नियमाला धरून चालणारा गुण कापेल. माझ्या मते तिथे नियमच दुरुस्त करावा. प्रश्न किती हे मोजायचं नाही. ग्राहकाला एका दमात, एक-दोन शब्दांत उत्तर देता येतं का हे बघायचं. ‘हो, मीच’ एवढ्यात दोन्ही प्रश्न मिटतात. दुसऱ्या उत्तरात मागितलेल्या सात गोष्टी मिटत नाहीत. हा निर्णय झाला की ते उत्तर, दिलेले गुण आणि त्याचं कारण नियमांच्या फाइलमध्ये नमुना म्हणून घालायचं. नव्या क्यूएला दहा ओळींच्या नियमापेक्षा असे वादातून निघालेले पाच-सहा नमुने जास्त शिकवतात. त्यात निदान दोन तरी असे असावेत की जे वरवर चांगले दिसतात आणि ज्यांना शून्य मिळालंय.

काही मेसेजपुढे ही सगळी तयारी लंगडी पडते. ‘मॅडम अजून नाही आलं’ हा त्यातला नेहमीचा. हा पहिला मेसेज दिसतो, पण नसतो. आधी कुठल्यातरी चॅटवर, फोनवर किंवा शाखेत बोलणं झालेलं असतं. ‘काय आलं नाही?’ हे उत्तर आधीची तक्रार एजंटच्या पडद्यावर असेल तर शून्याचं, आणि ती शाखेतल्या वहीत असेल तर दोनाचं. क्यूएकडे येणाऱ्या फाइलमध्ये बहुतेकदा यातलं काहीच नसतं. अशा वेळी अंदाजाने आकडा टाकू नये. रकाना रिकामा ठेवून ‘त्या वेळचा पडदा पाठवा’ असं लिहून फाइल परत करावी, मग महिन्याचा कोटा एका चॅटने कमी भरला तरी चालेल.